२० महिन्यांत पैसे वसूल? शाळेच्या वीजबचतीचं कोटेशन स्वतः तपासा, तेही मोबाईलवर

आजचा विषय थोडा वेगळा आहे. नवा फोन नाही, नवं अ‍ॅप नाही. आज आपण एक कागद वाचायला शिकणार आहोत. त्या कागदावर तीन आकडे असतात: सुरुवातीचा खर्च, दरवर्षीची बचत आणि पैसे किती दिवसांत वसूल होतील. पंखे बदला, ट्यूबलाइट बदला, वीजबिल वाचवा असं सांगणारा प्रत्येक जण हा कागद देतो. तुमच्या शाळेच्या किंवा घरच्या वर्कशॉपच्या टेबलावर तो कधी ना कधी येणारच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर नाही. पण हा कागद म्हणजे शेवटी एक छोटा प्रोग्राम आहे. इनपुट चुकीचा दिला तर आउटपुट कितीही सुंदर छापला तरी तो चुकीचाच. नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या एका खाजगी शाळेला असं कोटेशन मिळालं आणि तिथल्या ओळखीच्या सरांनी ते मला तपासायला दिलं. शाळेचं आणि विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण मुद्दा हिशोबाचा आहे. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

## कोटेशन काय म्हणत होतं?

शाळेत ७२ सीलिंग फॅन आहेत, बहुतेक जुने. विक्रेत्याचं म्हणणं साधं होतं. जुना पंखा ७५ वॅट खातो आणि नवा बीएलडीसी पंखा २८ वॅट, म्हणजे एका पंख्यामागे ४७ वॅट वाचतात. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ७२ पंख्यांवर १०,१५२ युनिट वाचतील. युनिटचा दर १३ रुपये धरला तर वर्षाला जवळपास १ लाख ३२ हजारांची बचत. एक पंखा फिटिंगसकट ३,००० रुपयांना, म्हणजे एकूण खर्च २ लाख १६ हजार. भागाकार केला की साधारण २० महिने येतात. त्यानंतर सगळा फायदाच फायदा!

बीएलडीसी पंख्याची वीज खरंच कमी लागते, यात फसवणूक नाही. जुन्या पंख्यातली इंडक्शन मोटर बरीच वीज नुसती उष्णतेत घालवते. बीएलडीसीमध्ये फिरत्या भागावर कायमचं चुंबक असतं आणि एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉइलला नेमक्या वेळी करंट देतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला निम्म्याहून कमी वीज पुरते. गुणाकार-भागाकारही बरोबर होता. गडबड होती ती तीन इनपुटमध्ये: किती तास, किती दिवस आणि कोणता दर.

## पहिली तपासणी: बिलाच्या मागे जा

काहीही मोजायच्या आधी दोन मिनिटांची एक चाचणी करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर दिलेला असतो. सगळ्या महिन्यांची बेरीज करा. आमच्या शाळेची वर्षाची बेरीज आली १३,८०० युनिट.

आता विक्रेत्याचाच हिशोब उलटा करून बघू. ७२ पंखे, ७५ वॅट, १० तास, ३०० दिवस. एवढे पंखे एवढे चालत असतील तर फक्त पंख्यांनीच वर्षाला १६,२०० युनिट खाल्ले पाहिजेत. पण अख्ख्या शाळेचं मीटर सांगतंय १३,८००! ट्यूबलाइट, कॉम्प्युटर, पाण्याची मोटर, सगळं धरून. म्हणजे पंखे कागदावर जितके फिरतात तितके प्रत्यक्षात फिरतच नाहीत. एवढ्यावरूनच कळतं की ‘१० तास, ३०० दिवस’ हा आकडा या शाळेचा नाही.

मग तो कुठून आला? माझा अंदाज असा की तो कारखान्याच्या तक्त्यातून उचललेला आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये उष्णतेमुळे पंखे जवळपास वर्षभर आणि पूर्ण शिफ्ट चालतात. तिथे हाच पंखा ३,००० तास फिरला आणि ४२ वॅट वाचवले, तर वर्षाला १२६ युनिट वाचतात. युनिटला ९ रुपये धरले तर १,१३४ रुपये, म्हणजे ३,००० रुपयांचा पंखा अडीच-पावणेतीन वर्षांत सुटतो. तोच पंखा आणि तीच किंमत, फक्त जागा बदलली की उत्तर बदलतं.

## नागपूरच्या शाळेतला पंखा किती दिवस फिरतो?

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ‘इथे तर पंखा वर्षभर लागतो’ असं कोणीही पटकन बोलून जाईल. पण शाळेच्या शिपाईकाकांनी एका वाक्यात गणित सोडवलं: ‘जवा खरं तपते तवा शाळेले सुट्टी रायते, अन् थंडीत पोरं सोताच पंखे बंद करतेत.’

अगदी बरोबर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. मे महिन्यात वर्ग बंद असतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत वर्गात पंखा क्वचितच लागतो. आम्ही शाळेचं वार्षिक कॅलेंडर घेतलं आणि दिवस मोजले. कामाचे दिवस २२५, त्यातले थंडीचे साधारण ५५ वजा केले तर पंख्याचे दिवस उरले १७०. तीनशे नव्हे, एकशे सत्तर.

तासांचंही तसंच. शाळेत १६ वर्गखोल्या आहेत. सकाळी पाचवी ते दहावीचे वर्ग सगळ्या १६ खोल्यांत भरतात. दुपारी पहिली ते चौथीचे वर्ग फक्त ८ खोल्यांत भरतात. मधली सुट्टी, परिपाठ आणि पीटीचा तास वजा केला तर एका शिफ्टमध्ये पंखा साधारण साडेचार तास चालतो. म्हणून पंख्यांचे तीन गट करावे लागले:

- दोन्ही शिफ्टच्या ८ खोल्या: ३२ पंखे, रोज ९ तास, १७० दिवस
- फक्त सकाळच्या ८ खोल्या: ३२ पंखे, रोज साडेचार तास, १७० दिवस
- ऑफिस आणि स्टाफरूम: ८ पंखे, रोज ९ तास, २०० दिवस (कारण ऑफिस मे महिन्यातही चालू असतं)

हे गट लक्षात ठेवा. सगळा निर्णय शेवटी यावरच येऊन थांबणार आहे.

## ४७ वॅट खरंच वाचतात का? मोबाईलने मोजा

पंख्याच्या पट्टीवर लिहिलेले वॅट आणि प्रत्यक्षात लागणारे वॅट यांत फरक असतो. तो मोजायला कोणतंही महाग यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा टिमटिमत असतो आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, `1600 imp/kWh`. याचा अर्थ दिवा १,६०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

रविवारी शाळा बंद असताना आम्ही सगळी बटणं बंद केली. आधी दिवा पूर्ण थांबला आहे ना ते पाहिलं. तो थांबत नसेल तर कुठेतरी काहीतरी चालू आहे, ते आधी शोधा. मग फक्त १० पंखे फुल स्पीडवर लावले, दोन मिनिटं स्थिर होऊ दिले आणि मोबाईलवर मीटरचा ५ मिनिटांचा व्हिडिओ काढला. नंतर व्हिडिओ हळू चालवून लुकलुक मोजली: ९६. हिशोब असा:

```
W = blinks * 3600000 / (imp * seconds)
  = 96 * 3600000 / (1600 * 300)
  = 720
```

१० पंख्यांचे ७२० वॅट, म्हणजे एका पंख्याचे ७२. मग विक्रेत्याकडून एक नवा पंखा सॅम्पल म्हणून आणला, लावला आणि अर्धा तास फक्त तोच चालवला. लुकलुक झाली २४, म्हणजे ३० वॅट. खरी बचत निघाली ४२ वॅट. विक्रेत्याच्या ४७ पेक्षा थोडी कमी, पण फार लांब नाही. इथे त्याचा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक होता हेही मान्य करायला हवं.

एक काळजी घ्या. मोठ्या जोडणीत बिलावर ‘गुणक अवयव’ १ पेक्षा जास्त लिहिलेला असू शकतो. तसं असेल तर मोजून आलेल्या आकड्याला त्याने गुणावं लागतं. आणि मीटरची पेटी उघडायची नाही, फक्त काचेतून बघायचं.

## दर कोणता धरायचा? १३ की ९?

हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा चुकतो. विक्रेत्याने एकूण बिलाला एकूण युनिटने भागलं. सप्टेंबरचं बिल होतं १९,५०० रुपये आणि वापर १,५०० युनिट. भागाकार १३ रुपये. दिसायला बरोबर वाटतं.

पण बिलाचे दोन भाग असतात. एक भाग युनिटवर चालतो: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांच्यावर लागणारं वीज शुल्क. दुसरा भाग म्हणजे स्थिर आकार. तो तुम्ही किती युनिट वापरता यावर ठरत नाही. पंखा कमी वीज खायला लागला म्हणून तो आपोआप कमी होत नाही. आमच्या बिलात साधारण ६,००० रुपये स्थिर आकाराच्या बाजूला गेले आणि १३,५०० रुपये युनिटच्या बाजूला. १३,५०० भागिले १,५०० म्हणजे ९ रुपये. एक युनिट वाचवल्यावर खिशात राहतात ते हे ९ रुपये, १३ नाही.

आता मागे वळून विक्रेत्याचा दावा बघा. वर्षाची १३,८०० युनिट गुणिले ९, म्हणजे १ लाख २४ हजार २०० रुपये. शाळा वर्षभर दिवे-पंखे-कॉम्प्युटर सगळं बंद करून अंधारात बसली, तरी युनिटच्या बाजूने वाचणार तेवढेच. आणि कागद सांगत होता की नुसते पंखे बदलून १ लाख ३२ हजार वाचतील!

दर दरवर्षी आणि ग्राहकाच्या प्रकारानुसार बदलतात. घरगुती, शाळा, कारखाना, सगळ्यांचे दर वेगळे. म्हणून माझा ९ चा आकडा उचलू नका. तुमच्याच ताज्या बिलातून तुमचा आकडा काढा.

स्थिर आकाराबद्दल आणखी एक गोष्ट. या शाळेचा मंजूर भार ३० किलोवॅट होता आणि सगळं एकदम लावलं तरी बेरीज १४ किलोवॅटच्या आसपासच येत होती. मंजूर भार कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. २० किलोवॅटच्या खालच्या आणि वरच्या जोडणीचे दरही वेगळे असतात. हा अर्ज पंख्यांच्या प्रस्तावाचा भाग नाही, म्हणून त्याची बचत आम्ही तक्त्यात धरली नाही. पण सरांना सांगितलं की पंखे येवोत न येवोत, हे काम आधी करा. मात्र पुढच्या वर्षी नवी कॉम्प्युटर लॅब किंवा एसी हॉल करायचा विचार असेल तर घाई करू नका. भार पुन्हा वाढवताना खर्च येतो.

## तक्ता बनवूया

गुगल शीट्समध्ये एक ओळ म्हणजे एक गट. कॉलम असे ठेवा: B मध्ये नग, C मध्ये जुने वॅट, D मध्ये नवे वॅट, E मध्ये तास, F मध्ये दिवस, G मध्ये दर, H मध्ये एका नगाची किंमत. मग पुढचे चार कॉलम फॉर्म्युला देईल:

```
I2:  =B2*(C2-D2)*E2*F2/1000
J2:  =I2*G2
K2:  =B2*H2
L2:  =K2/J2
```

I मध्ये वर्षाला वाचणारी युनिट, J मध्ये रुपये, K मध्ये खर्च आणि L मध्ये पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षं. बस्स, एवढंच.

पंख्यांबरोबर आम्ही ट्यूबलाइटही धरल्या. शाळेत जुन्या चोकवाल्या ६० ट्यूब होत्या. ट्यूबवर ३६ वॅट लिहिलेलं असतं, पण चोकही वीज खातो. मीटरवर मोजल्यावर एका ट्यूबचे ४८ वॅट आले. बदल्यात २० वॅटची एलईडी ट्यूब, फिटिंगसकट ३५० रुपये. ट्यूबचे तास कमी धरले, कारण खिडक्यांमधून चांगला उजेड येतो. एक आठवडा खोल्यांवर लक्ष ठेवून दोन शिफ्टच्या खोल्यांत ५ तास, सकाळच्या खोल्यांत ३ तास आणि ऑफिसात ८ तास असा आकडा ठरवला. ट्यूब थंडीतही लागते, म्हणून वर्गांसाठी दिवस पूर्ण २२५ आणि ऑफिससाठी २६०.

आलेला निकाल असा:

| गट | खर्च (रु.) | वर्षाची बचत (युनिट) | वर्षाची बचत (रु.) | वसुली |
|---|---|---|---|---|
| ६० ट्यूबलाइट | २१,००० | १,९०८ | १७,१७६ | १.२ वर्षं |
| ऑफिसचे ८ पंखे | २४,००० | ६०५ | ५,४४३ | ४.४ वर्षं |
| दोन शिफ्टचे ३२ पंखे | ९६,००० | २,०५६ | १८,५०७ | ५.२ वर्षं |
| एका शिफ्टचे ३२ पंखे | ९६,००० | १,०२८ | ९,२५३ | १०.४ वर्षं |

बघितलं? जे पंखे ‘२० महिन्यांत फुकट’ होणार होते त्यांना सरासरी साडेसहा वर्षं लागतात. आणि कोटेशनमध्ये ज्यांचा उल्लेखही नव्हता त्या ट्यूबलाइट सव्वा वर्षात पैसे परत देतात.

ट्यूबचं गणित इतकं चांगलं येतं त्यामागे किंमत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या उजाला योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्बची प्रचंड मोठी खरेदी केली आणि काही वर्षांतच एलईडीचे भाव कोसळले. बीएलडीसी पंख्याच्या बाबतीत भाव अजून तेवढे खाली आलेले नाहीत.

आता हा हिशोब तरी खरा कशावरून? पुन्हा तीच मीटरची चाचणी लावली. आमच्या तासांप्रमाणे जुने पंखे वर्षाला ६,३२४ युनिट खातात आणि ट्यूब ३,२७२. कॉम्प्युटर, पाण्याची मोटर, कूलर, बाहेरचे दिवे यांचे अंदाजे ३,९००. बेरीज जवळपास १३,५००. मीटर म्हणतं १३,८००. इतकं जवळ आलं म्हणजे इनपुट ठीक आहेत. तुमची बेरीज मीटरच्या दीडपट आली तर तास जास्त धरलेत. निम्मीच आली तर एखादी मोठी वस्तू मोजायची राहिली आहे.

## मग काय बदलायचं आणि काय नाही?

एका शिफ्टच्या खोल्यांतले ३२ पंखे प्रस्तावातून काढून टाकले. वसुलीला १० वर्षं आणि पंख्याची वॉरंटी त्याच्या निम्मीही नाही. बीएलडीसी पंख्यात एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो व्होल्टेज वरखाली झाल्यावर जळू शकतो आणि कोपऱ्यावरचा रिवाइंडिंगवाला तो दुरुस्त करत नाही. वसुली आणि वॉरंटी यांच्यात जेवढं अंतर जास्त, तेवढी जोखीम तुमची.

त्या खोल्यांतला पंखा आपोआप जळाला तर? तेव्हा हिशोब वेगळा होतो, कारण नवा पंखा तर घ्यावाच लागणार. म्हणून पूर्ण ३,००० धरायचे नाहीत, फक्त साध्या पंख्यापेक्षा जास्तीचे पैसे धरायचे. समजा साधा पंखा फिटिंगसकट १,८०० ला मिळतो, तर जास्तीचे १,२००. पण इथे एक बारकावा आहे. जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर बीईईचं स्टार लेबल सक्तीचं झालं. त्यामुळे आज बाजारात मिळणारा एक स्टारचा नवा पंखाही ७२ वॅट खात नाही, साधारण ५२ च्या आसपास खातो. म्हणजे तुलना ७२ शी नाही, ५२ शी. बचत २२ वॅट, वर्षाला सुमारे १५० रुपये, आणि वसुली आठ वर्षं. कमी चालणाऱ्या खोलीत साधा स्टारवाला पंखा लावला तरी काही बिघडत नाही.

अंतिम प्रस्ताव असा झाला: ६० ट्यूब, ऑफिसचे ८ पंखे आणि दोन शिफ्टच्या खोल्यांतले ३२ पंखे. साहित्य आणि फिटिंगचे १ लाख ४१ हजार. जुनी वायर, हूक, रॉड यांची दुरुस्ती काम सुरू झाल्यावरच समोर येते, त्यासाठी वेगळे ७ हजार. एकूण १ लाख ४८ हजार. वर्षाची बचत ४१,१२६ रुपये. वसुली ३.६ वर्षं, म्हणजे तीन वर्षं सात महिने.

संस्थेच्या बैठकीत मी हा एकच आकडा न देता दुसराही द्यायला सांगितला: तास २० टक्के कमी निघाले तर काय? बचत ३२,९०० वर येते आणि वसुली साडेचार वर्षांवर जाते. हे बघून संस्थाचालक तयार असतील तरच पुढे जायचं. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायची. हा हिशोब शिल्लक पैशांतून खर्च करण्याचा आहे. हेच १ लाख ४८ हजार १२ टक्क्यांनी कर्जाने काढले तर पहिल्या वर्षीचं व्याजच सुमारे १७,७६० रुपये होईल, म्हणजे ४१ हजारांच्या बचतीतला मोठा तुकडा तिकडेच जाईल. पैसे कमी असतील तर कर्ज काढण्यापेक्षा आधी फक्त ट्यूब बदला. त्यांची बचत साठवून पुढच्या वर्षी पंखे घ्या.

## बचत कुठे गळते?

कागद बरोबर असला तरी बचत पुढे हरवू शकते. तीन जागा मी सरांना लिहून दिल्या.

पहिली म्हणजे खोल्या. दुपारचे वर्ग नेहमी नव्या पंख्यांच्या खोल्यांतच भरले पाहिजेत. पुढच्या वर्षी वेळापत्रक बनवताना कोणी ते जुन्या पंख्यांच्या खोल्यांत हलवले, तर महागडे पंखे निम्मा दिवस बंद राहतील. त्या खोल्यांची बचत अर्धी होईल आणि कोणाला कळणारही नाही.

दुसरी म्हणजे जुने पंखे. काढलेले ४० पंखे ‘चालू आहेत, वाया कशाला घालवायचे’ म्हणून व्हरांड्यात किंवा शेडमध्ये लागले की वाचलेली वीज तिकडे जाते. ते सरळ भंगारात द्यायचे.

तिसरी म्हणजे खरेदी. पंखा रिमोटवरच चालणारा घेतला तर दोन महिन्यांत रिमोट हरवतात आणि मग पंखे कायम एकाच स्पीडवर फिरतात. शाळेत भिंतीवरच्या बटणाने स्पीड बदलता येणारं मॉडेल घ्या. एलईडी ट्यूब घेताना खोक्यावर पॉवर फॅक्टर ०.९ किंवा जास्त लिहिलंय का बघा. तुमच्या बिलात युनिट `kVAh` मध्ये मोजली जात असतील, तर कमी पॉवर फॅक्टरची स्वस्त ट्यूब मीटरवर जास्त युनिट दाखवते आणि वॅटचा सगळा हिशोब फसतो.

## बसवल्यावर कसं तपासायचं?

बिलाच्या रुपयांवर जाऊ नका, कारण मध्येच दर बदलला तर वीज वाचूनही बिल वाढलेलं दिसतं. युनिट बघा. आणि मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. मेशी सप्टेंबर जुळत नाही.

या शाळेसाठी सप्टेंबर हा चांगला महिना आहे: शाळा पूर्ण चालू, पंखे पूर्ण चालू, मोठी सुट्टी नाही. तक्त्याप्रमाणे त्या महिन्यात सुमारे ५०० युनिट कमी व्हायला हवीत, म्हणजे १,५०० ऐवजी साधारण १,०००. मीटरने १,०५० दाखवलं तर हिशोब जमला. १,३०० दाखवलं तर बिघाड शोधायला निघा: आधी व्हरांड्यात जुना पंखा लागलाय का ते बघा, मग दुपारचा वर्ग कोणत्या खोलीत बसलाय ते बघा.

तुमच्याकडे असं कोटेशन असेल तर सगळ्यात आधी त्यातले नग, जुने वॅट, तास आणि दिवस गुणा, १,००० ने भागा आणि बेरीज बिलातल्या वर्षभराच्या युनिटशी लावून बघा. ती जास्त आली तर कोटेशन परत द्या आणि तास कुठून आणले ते विचारा.